भाड्याने द्यायच्या फ्लॅटचा व्हिडिओ: क्रम, कॅमेऱ्याची उंची आणि निवेदन

भाड्याने घर शोधणाऱ्या माणसाला फ्लॅटच्या व्हिडिओतून मुख्यतः दोन गोष्टी समजून घ्यायच्या असतात: कोणत्या दारातून कोठे जाता येते, आणि आपले सामान त्या घरात मावेल का. व्हिडिओ कितीही देखणा असला तरी या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळाली नाहीत, तर माणूस घर पाहायला येतो, दारातच त्याचा चेहरा बदलतो, आणि त्याची व आपली अशी दोघांचीही दुपार वाया जाते. म्हणून या लेखात मी एकाच फ्लॅटचे उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतले आहे आणि पहिल्यांदाच असा व्हिडिओ करणाऱ्याने तो साध्या मोबाइलवर कसा करावा, हे क्रमाने सांगितले आहे.

हा फ्लॅट माझ्या आत्याचा आहे. तो पुण्यात कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर असून दोन बेडरूमचा आहे आणि त्याचा कार्पेट एरिया ५८० चौरस फूट आहे. मुख्य दारातून आत गेले की १० बाय १६ फुटांचा हॉल लागतो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला पश्चिमेकडची बाल्कनी आहे. दारातून शिरताच उजवीकडे किचन आणि त्यामागे पूर्वेकडची ड्राय बाल्कनी आहे. हॉलच्या मध्यावर डावीकडे पॅसेज असून त्यात कॉमन बाथरूम, १० बाय ११ ची लहान बेडरूम आणि १० बाय १२ ची मास्टर बेडरूम अशी तीन दारे आहेत. आत्या आता मुलाकडे नाशिकला राहते, त्यामुळे फ्लॅट दाखवण्याचे काम माझ्याकडे आले.

या फ्लॅटचा पहिला व्हिडिओ मी केला तेव्हा दोन चुका झाल्या, आणि पुढचे सगळे त्या चुकांतूनच शिकायला मिळाले. पहिली चूक लेन्सची होती. फोनवरचे 0.5x चे बटण दाबले की सगळी खोली एका चौकटीत मावते, म्हणून मी पूर्ण घर तसेच टिपले. एक नवविवाहित जोडपे तो व्हिडिओ पाहून हिंजवडीहून आले आणि हॉलमध्ये उभे राहून त्यातली मुलगी म्हणाली, "एवढाच हॉल आहे का? व्हिडिओत तर केवढा मोठा दिसत होता." दुसरी चूक क्रमाची होती. मी खोल्यांचे वेगवेगळे तुकडे घेतले आणि जे चांगले दिसले ते आधी लावले. त्यावर एका गृहस्थांनी फोन करून विचारले, "कॉमन बाथरूमचे दार किचनमध्ये उघडते का?" ते तसे नव्हते, पण व्हिडिओत किचनच्या लगेच नंतर बाथरूम दिसत होते, तेव्हा त्यांची काही चूक म्हणता येणार नाही.

चित्रीकरणाआधी

आधीचा भाडेकरू अजून राहत असेल तर त्याला दिवस आणि वेळ विचारूनच जावे. त्याच्या घरातील देवघर, कौटुंबिक फोटो, औषधे, मुलांच्या शाळेच्या वस्तू आणि टेबलावरचे कागद चौकटीत येणार नाहीत याची काळजी घ्यावी; शक्य असेल तर घर रिकामे होईपर्यंत थांबणेच चांगले. सोसायटीचे फाटक, पार्किंग आणि लिफ्ट दाखवायची असेल तर सेक्रेटरींना आधी सांगून ठेवावे. रहिवाशांच्या नावांची पाटी आणि गाड्यांचे नंबर टिपू नयेत, तसेच मुख्य दाराच्या कुलपाचा जवळून शॉटही घेऊ नये, कारण हा व्हिडिओ कोणाकोणाच्या फोनवर जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

रिकाम्या फ्लॅटची एक अडचण नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. रिकाम्या खोलीत डोळ्याला मापच मिळत नाही. १० फुटांची भिंत आणि १४ फुटांची भिंत पडद्यावर सारखीच दिसते. त्यासाठी मी दोन साध्या वस्तू बरोबर नेते. एक म्हणजे प्लॅस्टिकची हात असलेली साधी खुर्ची, जी घराघरांत असते आणि जिचा आकार सगळ्यांना पाठ असतो. ती प्रत्येक खोलीत भिंतीला टेकवून ठेवायची. दुसरी म्हणजे रंगकाम करणारे वापरतात ती कागदी चिकटपट्टी. मास्टर बेडरूमच्या फरशीवर या पट्टीने ५ फूट बाय साडेसहा फुटांचा चौकोन आखायचा, म्हणजे डबल बेड तेथे ठेवल्यावर कपाटाचे दार उघडायला किती जागा उरते ते पाहणाऱ्याला न सांगता कळते. आत्याच्या फ्लॅटमध्ये असा चौकोन आखल्यावर बेड आणि वॉर्डरोब यांच्यामध्ये सव्वादोन फूट उरतात हे मलाही पहिल्यांदाच कळले. चित्रीकरण झाले की पट्टी लगेच काढावी, फार दिवस ठेवली तर फरशीवर डाग राहतो.

लेन्स आणि फोनची मांडणी

फोन आडवा धरावा. उभा व्हिडिओ फोनवर पाहायला सोयीचा असतो हे खरे, पण खोलीच्या दोन भिंती आणि त्यांच्यामधला कोपरा एकाच वेळी दिसला तरच खोलीचा आकार कळतो, आणि उभ्या चौकटीत बहुतेक वेळा एकच भिंत मावते.

लेन्स 1x ची ठेवावी. बहुतेक फोनमध्ये 0.5x ची लेन्स प्रत्येक वस्तू 1x च्या साधारण निम्म्या आकाराची दाखवते, म्हणजे १६ फुटांवरची भिंत ३२ फुटांवर असल्यासारखी भासते. शिवाय चौकटीच्या कडांजवळच्या वस्तू ताणल्या जातात. कडेला आलेला फ्रिज कपाटाएवढा रुंद दिसू लागला की समजावे, लेन्स चुकली आहे. बाथरूमसारख्या जागेत मागे सरकायलाच वाव नसतो, तेथे 0.5x वापरण्यात काही गैर नाही. मात्र त्या वेळी निवेदनात "बाथरूम ४ बाय ७ फुटांचे आहे" असे माप आवर्जून सांगावे, म्हणजे चित्राने वाढवलेली जागा आकड्याने पुन्हा खरी होते.

व्हिडिओ १०८० चा ठेवला की पुरे. ४के मध्ये फाइल फार मोठी होते आणि समोरचा माणूस ती फोनवरच पाहणार असतो. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे काही ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तीव्र होतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण फोन सेकंदाला ३० चौकटी, म्हणजे फ्रेम, घेत असेल तर पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसू शकतात. असे पट्टे दिसले तर चौकटींचा वेग सेकंदाला २५ वर आणावा. आयफोनमध्ये त्यासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Record Video खाली Show PAL Formats चालू करावे लागते. इतर फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे. तोही नसेल तर ज्या दिव्यामुळे पट्टे येतात तो बंद करून खिडकीच्या उजेडावर ती खोली टिपावी.

कॅमेरा किती उंचीवर

उभे राहून फोन डोळ्यांसमोर धरायचा, ही सवयच बहुतेक फसलेल्या व्हिडिओंच्या मुळाशी असते. डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे ५ फुटांच्या आसपासहून, खोली पाहिली की फरशी दिसावी म्हणून हात आपोआप फोन खाली झुकवतो, आणि फोन झुकला की भिंतींच्या उभ्या कडा खालच्या बाजूला एकमेकींकडे कलतात. दाराची चौकट वर रुंद आणि खाली निमुळती दिसू लागते. पाहणाऱ्याला नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही, पण खोली अडचणीची वाटते. याउलट कमरेच्या उंचीवर फोन धरला तर ओटा, टेबल आणि पलंग भिंतीसारखे समोर उभे राहतात आणि मागची मोकळी जागा झाकली जाते.

फ्लॅटमध्ये फरशीपासून छतापर्यंतची उंची सहसा ९ ते साडेनऊ फूट असते. लेन्स सव्वाचार ते साडेचार फुटांवर ठेवली आणि फोन वर-खाली न झुकवता भिंतीला समांतर ठेवला, की लेन्स उंचीच्या जवळजवळ मध्यावर येते; फरशी आणि छत दोन्ही बेताने दिसतात आणि उभ्या कडा उभ्याच राहतात. माझ्यासारख्या सव्वापाच फूट उंचीच्या व्यक्तीला ही उंची साधारण खांद्याइतकी येते. प्रत्येक खोलीत टेप लावत बसण्याची गरज नाही, कारण घरातले मुख्य स्विचबोर्ड साधारण याच उंचीवर बसवलेले असतात. दाराजवळच्या स्विचबोर्डचे माप एकदा टेपने घ्यावे, ते सव्वाचार-साडेचार फुटांत असेल तर पुढे प्रत्येक खोलीत शिरताना लेन्स बोर्डाच्या पातळीला आणावी, की सगळ्या घरात उंची एकसारखी राहते. उंची खोलीगणिक बदलली तर एक खोली बुटकी आणि दुसरी उंच भासते, आणि पाहणाऱ्याला वाटते की घराची छते वेगवेगळी आहेत.

फोन सरळ आहे की नाही हे तपासण्यासाठी कॅमेऱ्यातील जाळीच्या रेषा चालू कराव्यात आणि दाराच्या चौकटीची उभी कड त्या रेषेला समांतर आहे का ते पाहावे. छतावरचा पंखा, माळा किंवा फरशीची जाळी दाखवायची असेल तर चालताना फोन वर-खाली करू नये. थांबून त्याचा वेगळा शॉट घ्यावा.

या उंचीला अपवाद किचनचा आहे. आपल्याकडे ओटा साधारण २ फूट ९ इंचांचा असतो, आणि साडेचार फुटांवरून पाहिले तर त्याची मुख्यतः पुढची कड व ट्रॉल्यांची शटर दिसतात. ओट्यावर शेगडी आणि मिक्सर ठेवून पोळ्या लाटायला जागा उरते का, हे नीट दिसत नाही. म्हणून किचनमध्ये आधी नेहमीच्या उंचीवरून पूर्ण खोली दाखवावी, आणि मग जागेवरच थांबून फोन पाच-सव्वापाच फुटांवर नेऊन ओट्याचा पृष्ठभाग एका टोकापासून सिंकपर्यंत दाखवावा. येथे फोन थोडा झुकला तरी चालेल.

शॉटचा क्रम

क्रमाचा नियम एकच आहे: घर पाहायला आलेला माणूस ज्या वाटेने चालेल त्या वाटेने कॅमेरा चालला पाहिजे, आणि कोणत्याही खोलीत शिरण्याआधी तिचे दार मागच्या खोलीतून दिसले पाहिजे. या दुसऱ्या अटीमुळेच पाहणाऱ्याच्या डोक्यात नकाशा तयार होतो. दार न दाखवता थेट खोलीच दाखवली, तर ती खोली घराला कोठे जोडलेली आहे हे त्याला कळत नाही.

आत्याच्या फ्लॅटमध्ये मी दुसऱ्या वेळी असा क्रम ठेवला. फाटकाबाहेरून इमारत ६ सेकंद, लिफ्टचे दार आणि मजल्यावरची मोकळी जागा ६ सेकंद, मुख्य दार बाहेरून ४ सेकंद. मग दारात उभे राहून हॉल. येथे पहिले तीन-चार सेकंद अजिबात हलायचे नाही. पाहणाऱ्याला समोर बाल्कनी, उजवीकडे किचनचे दार आणि डावीकडे पॅसेजचे तोंड हे तिन्ही एका नजरेत टिपू द्यायचे. त्यानंतर हळूहळू बाल्कनीपर्यंत चालत जायचे, तेथे वळून हॉल उलट बाजूने दाखवायचा, म्हणजे मुख्य दार आता समोर दिसते. हॉलला एकूण ३५ सेकंद आणि बाल्कनीला १२ सेकंद लागले.

बाल्कनीतून परत हॉलमध्ये येऊन किचनच्या दाराशी थांबायचे. किचनला मी हॉलइतकाच, म्हणजे ३५ सेकंदांचा वेळ देते, कारण घर निवडताना बहुतेक कुटुंबांत शेवटचा शब्द किचनवरून ठरतो. ओटा, सिंक, एक ट्रॉली उघडून, फ्रिजची जागा आणि तेथला प्लग पॉइंट, मग नळ सोडून तीन सेकंद वाहते पाणी दाखवायचे. पाण्याची धार दाखवण्याने जे समजते ते "पाण्याला भरपूर प्रेशर आहे" या वाक्याने समजत नाही. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनचा नळ, सांडपाण्याची जाळी आणि प्लग पॉइंट या तीन वस्तू १२ सेकंदांत दाखवाव्यात.

किचनमधून हॉलमध्ये परतून पॅसेजच्या तोंडाशी पुन्हा थांबायचे. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे, कारण येथून तीन दारे दिसतात आणि पहिल्या व्हिडिओतला घोळ नेमका येथेच झाला होता. ६ सेकंद तिन्ही दारे उघडी ठेवून पॅसेज दाखवायचा, मग कॉमन बाथरूम १२ सेकंद, लहान बेडरूम २५ सेकंद, मास्टर बेडरूम २५ सेकंद, तिचे अटॅच्ड बाथरूम १२ सेकंद. शेवटी मास्टर बेडरूममधून पॅसेजमार्गे हॉलच्या मुख्य दारापर्यंत न थांबता ८ सेकंदांत परत चालत यायचे. या आठ सेकंदांत संपूर्ण घर पुन्हा एकदा जोडले जाते. सगळे मिळून सव्वातीन मिनिटांच्या थोडे वर गेले, आणि दोन बेडरूमच्या फ्लॅटला तेवढे पुरते.

प्रत्येक खोलीत पद्धत तीच ठेवावी: दारात थांबणे, सावकाश वळणे, समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाणे आणि तेथून दाराकडे पाहणे. वळण्याचा वेग ठरवण्यासाठी माझा आडाखा असा, की चौकटीच्या एका कडेला दिसलेली वस्तू दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचायला सात सेकंद लागले पाहिजेत. हातात फोन असताना हा वेग इतका कमी वाटतो की आपण अडकलो आहोत असे वाटू लागते, पण पडद्यावर तोच बरोबर दिसतो. चालताना वळू नये आणि वळताना चालू नये. फोन दोन्ही हातांत धरावा, कोपर बरगड्यांना टेकवावेत, गुडघे किंचित वाकवून आधी टाच आणि मग पंजा टेकवत लहान पावले टाकावीत. एवढे केले तर फोन स्थिर ठेवणारे गिंबल नसले तरी चित्र फारसे हलत नाही.

सलग एका दमात सगळे जमले नाही तर तुकडे जरूर करावेत, पण तुकडा दारातच तोडावा. हॉलमधला तुकडा किचनच्या दारासमोर थांबून संपवायचा आणि किचनचा तुकडा त्याच दारात उभे राहून सुरू करायचा, म्हणजे जोड दिसला तरी वाट तुटत नाही.

खिडकी आणि उजेड

चित्रीकरणाची वेळ घराच्या दिशेवरून ठरवावी. आत्याचा फ्लॅट पूर्व-पश्चिम आहे. सकाळी किचन आणि लहान बेडरूममध्ये ऊन शिरते, दुपारनंतर हॉल आणि मास्टर बेडरूममध्ये. म्हणून मी अकरा ते एकच्या दरम्यान जाते, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि कोणत्याच खोलीत फरशीवर उन्हाचा पांढरा चट्टा पडत नाही. पडदे उघडावेत आणि सगळे दिवे लावावेत.

तरीही खिडकी चौकटीत आली की फोन स्वतःहून चित्र अंधारे करतो आणि खिडकी बाहेर गेली की पुन्हा उजळतो. हे टाळण्यासाठी खोलीत शिरल्यावर चित्रीकरण सुरू करण्याआधी आतल्या भिंतीवर बोट काही क्षण दाबून उजेड आणि फोकस बांधून टाकावा. आयफोनवर AE/AF Lock अशी अक्षरे दिसतात, इतर फोनवर बहुधा कुलपाचे चिन्ह येते. असे केल्यावर खिडकी पांढरी फटक दिसेल, पण खोली स्थिर दिसेल. खिडकीतून बाहेर काय दिसते ते खिडकीजवळ जाऊन वेगळ्या शॉटमध्ये, बाहेरच्या उजेडावर बोट दाबून दाखवावे. समोरच्या इमारतीची भिंत आठ फुटांवर असेल तर तीही दाखवावी.

याच ठिकाणी ओलीबद्दल सांगितले पाहिजे. मास्टर बेडरूमच्या खिडकीखाली पावसाळ्यात ओल येऊन रंगाचे पोपडे निघाले होते. आत्या फोनवर म्हणाली, "अगं, ते कशाला दाखवतेस? कोणी येणारच नाही मग." मी तो भाग सहा सेकंद जवळून दाखवला आणि बाहेरून वॉटरप्रूफिंग कोणत्या महिन्यात केले तेही निवेदनात सांगितले. आले ते तीनच जण, पण तिघांनीही खिडकीपाशी वाकून भिंत हाताने चाचपून पाहिली आणि पुढच्या बोलण्याला लागले. पोपड्यांचा विषय भाडे कमी करून मागण्यासाठी कोणी काढला नाही.

निवेदन

रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. फोन तोंडापासून दोन फुटांवर असतो आणि समोर उघड्या भिंती असतात, त्यामुळे चालता चालता बोललेले निवेदन विहिरीतून आल्यासारखे ऐकू येते. म्हणून चित्र आधी शांतपणे घ्यावे आणि निवेदन नंतर वेगळे ध्वनिमुद्रित करावे. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. गाद्या, उशा आणि लटकवलेले कपडे असलेली खोली, पंखा बंद, आणि फोन तोंडापासून एक वीत अंतरावर, पण थोडा बाजूला. समोर धरला तर 'प' आणि 'फ' म्हणताना श्वासाचा फटका बसतो. नळाच्या पाण्याचा आणि लिफ्टच्या दाराचा मूळ आवाज मात्र चित्राखाली हळू ठेवावा, तो खरा वाटतो.

काय बोलावे याची कसोटी सोपी आहे: डोळ्याला जे दिसते ते बोलू नये, जे दिसत नाही तेच बोलावे. किचन दिसत असताना "हे किचन" म्हणण्याने पाहणाऱ्याला काहीच मिळत नाही. पण पाणी किती वेळ येते, गॅस पाइपलाइनचा आहे की सिलिंडर, लिफ्टला बॅकअप आहे का, पार्किंग झाकलेले आहे का, हे चित्रातून कळणे शक्यच नसते. "प्रशस्त", "हवेशीर" आणि "अगदी मोक्याच्या ठिकाणी" हे शब्द सगळ्याच जाहिरातींत असल्यामुळे त्यांच्याऐवजी फुटांतले माप, खिडकीची दिशा आणि पायी लागणारी मिनिटे सांगावीत. क्षेत्रफळ सांगताना कार्पेट एरियाच सांगावा. २०१६ च्या रेरा कायद्यातील व्याख्येप्रमाणे त्यात आतल्या भिंती धरल्या जातात, पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरली जात नाही. बिल्ट-अप किंवा सुपर बिल्ट-अपचा आकडा सांगितला तर पाहणाऱ्याची तुलनाच चुकते.

मराठीत सावकाश, समजेल असे बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. सव्वातीन मिनिटांत त्या हिशेबाने जवळजवळ चारशे शब्द बसतील, पण मी त्याच्या निम्मेच लिहिते, म्हणजे मधेमधे शांतता राहते आणि पाहणाऱ्याला पाहायला वेळ मिळतो. माप त्या खोलीच्या पहिल्या स्थिर शॉटवर बोलावे आणि वळताना गप्प राहावे. आत्याच्या फ्लॅटचे हॉल आणि किचनचे निवेदन असे होते:

"हॉल १० बाय १६ फुटांचा आहे. समोरची बाल्कनी पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपारी चारनंतर येथे ऊन येते. उजवीकडे किचन, डावीकडे पॅसेज. टीव्हीसाठी आणि इंटरनेटसाठी पॉइंट याच भिंतीवर आहेत."

"किचन ८ बाय ९ फुटांचे आहे. गॅस पाइपलाइनचा आहे. महापालिकेचे पाणी सकाळी येते, ते सोसायटीच्या टाकीत साठवले जाते आणि नळाला दिवसभर असते. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला आहे."

टँकरचे वाक्य लिहिताना मी थांबले होते, पण एप्रिलमध्ये ते भाडेकरूला कळणारच होते, आणि तेव्हा ते दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा आधीच आपल्याकडून कळलेले बरे.

भाडे, डिपॉझिट, मेंटेनन्स कोण भरणार, घर कोणत्या तारखेपासून मिळेल आणि करार किती महिन्यांचा, हे सगळे शेवटच्या आठ सेकंदांत, कॅमेरा हॉलच्या दाराकडे परत येत असताना सांगावे. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीचा खर्च कोणी करायचा हेही येथेच सांगून टाकले तर नंतरची घासाघीस टळते. भाड्याचा आकडा बदलण्याची शक्यता असेल तर तो आवाजात न घेता सोबतच्या मजकुरात लिहावा, म्हणजे व्हिडिओ पुढच्या वर्षीही चालतो. आत्याच्या फ्लॅटसाठी मी तेच चित्र ठेवून हिंदीतले निवेदनही केले, कारण चौकशी करणाऱ्यांत मराठी न समजणारे बरेच होते. चित्र आणि आवाज वेगळे घेतल्याचा हा आणखी एक फायदा.

पाठवण्याआधी

१०८० चा एक मिनिटाचा व्हिडिओ फोनप्रमाणे साधारण ६० ते १३० एमबीचा होतो. व्हॉट्सअॅपवर तो नेहमीसारखा पाठवला तर दाबला जाऊन धूसर होतो आणि भिंतीवरची ओल व फरशीचा रंग एकमेकांत मिसळतात. म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, किंवा यूट्यूबवर Unlisted ठेवून फक्त दुवा द्यावा. फाइलच्या नावात भाग, मजला आणि महिना असावा, म्हणजे चार घरे पाहणाऱ्या माणसाला ते नेमके घर पुन्हा सापडते.

पण कोणालाही पाठवण्याआधी एक परीक्षा मी नेहमी घेते. ज्याने तो फ्लॅट कधी पाहिलेला नाही अशा एखाद्या माणसाला व्हिडिओ एकदाच दाखवायचा, मग कागद-पेन्सिल देऊन घराचा नकाशा काढायला सांगायचा. मापे चुकली तरी चालतील, दारे चुकता कामा नयेत. आत्याच्या फ्लॅटचा दुसरा व्हिडिओ मी शेजारच्या दहावीतल्या मुलीला दाखवला. तिने हॉल, किचन, बाल्कनी आणि दोन्ही बेडरूम बरोबर काढल्या, कॉमन बाथरूमही पॅसेजमध्येच काढले, पण अटॅच्ड बाथरूमचे दार लहान बेडरूमच्या बाजूला काढले. व्हिडिओ परत पाहिला तेव्हा कारण सापडले: मास्टर बेडरूममध्ये कोपऱ्यातून वळताना मी ते दार चौकटीत आणलेच नव्हते, पलंगाच्या चौकोनाकडेच पाहत राहिले होते आणि पुढच्या तुकड्यात एकदम बाथरूमच्या आत होते. दुसऱ्या दिवशी बारा वाजता पुन्हा गेले, तेवढी एकच खोली दारापासून नव्याने टिपली, आणि या वेळी वळण बाथरूमच्या दाराशी आणून चार सेकंद थांबले.